हप्ता थांबला, तर तोटा कोणाच्या खातेवहीत लिहिला जातो?

प्रश्न: देवगडहून विचारतो आहे. आंब्याच्या हंगामाचे एक-दीड लाख रुपये बचत खात्यात पडून आहेत. पीअर-टू-पीअर कर्जाच्या, म्हणजे माणसांनी थेट दुसऱ्या माणसांना कर्ज देण्याच्या, एका ॲपवर २४ टक्के व्याज दाखवतात आणि रिझर्व्ह बँकेची नोंदणी आहे असेही म्हणतात. कर्जदाराने पैसे बुडवले तर ॲपवाले भरून देतात का? माझ्या पुतण्याने अशाच एका ॲपवर पैसे ठेवले होते, पूर्वी मागताक्षणी परत मिळायचे, आता ‘कर्जदार भरतील तसे मिळतील’ असे सांगतात. हे नेमके काय आहे?

उत्तर:

नाही, ॲपवाले भरून देत नाहीत, आणि भरून देण्याची त्यांना परवानगीही नाही. पण तेवढ्याने तुमचे काम होणार नाही. बँकेत ठेव ठेवताना जो धोका आपल्या डोळ्यांआड राहतो, तो इथे कोणत्या वाटेने येऊन थेट आपल्या पदरात पडतो, हे एकदा नीट समजले की २४ टक्क्यांचा आकडा कसा वाचायचा ते आपोआप कळते. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत चोवीस वर्षे कर्ज आणि वसुली विभागात काम केले आणि २०१९ पासून स्वतःची थोडी रक्कम अशा प्लॅटफॉर्मवरून कर्जाऊ देत आले आहे. पुढचे सगळे त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून लिहिते आहे.

आधी बँकेचे पाहू. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले, तेव्हा आमच्या बँकेच्या कित्येक व्यापारी खातेदारांचा माल एका दिवसात गेला. कापड, किराणा, औषधे, विजेची उपकरणे असे धंदे वेगवेगळे होते, पण पाणी एकच होते, त्यामुळे पुढचे काही महिने हप्ते एकदमच थांबले. त्याच महिन्यांत आमच्या ठेवीदारांना मात्र ठरल्या तारखेला ठरलेले व्याज मिळत राहिले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना बँकेची किती कर्जे थकली आहेत याची कल्पनाही नव्हती. असे होऊ शकले, कारण ठेवीदाराने व्यापाऱ्याला कर्ज दिलेले नव्हते. त्याने बँकेला पैसे दिले होते आणि व्यापाऱ्याला कर्ज बँकेने आपल्या जबाबदारीवर दिले होते. थकबाकीचा तोटा आधी बँकेच्या नफ्यातून जातो, मग थकीत कर्जांसाठी बाजूला काढून ठेवलेल्या तरतुदीतून, मग राखीव निधी आणि भागभांडवलातून. हे सगळे संपले तरच तो ठेवीदारापर्यंत पोहोचतो, आणि तिथेही ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. (आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत म्हणून सांगते: हा विमा बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थांच्या ठेवींना नाही. हा फरक अनेकांना पैसे अडकल्यावर कळतो.)

बँक कर्जदाराकडून बारा टक्के घेते आणि ठेवीदाराला सात टक्के देते, तेव्हा मधल्या पाच टक्क्यांबद्दल लोकांना राग येतो. त्या पाच टक्क्यांत कर्मचाऱ्यांचे पगार आणि इमारतीचे भाडे असते, तसाच बुडणाऱ्या कर्जांचा खर्चही असतो. पीअर-टू-पीअर प्लॅटफॉर्मवर मधली ही फट बरीचशी तुमच्याकडे येते. आकडा मोठा दिसतो तो त्यामुळे. पण फटीबरोबर त्या फटीने जो खर्च भागवायचा असतो, तोही तुमच्याकडे येतो.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या प्लॅटफॉर्मसाठी नियम केले. त्यांनुसार प्लॅटफॉर्म हा केवळ मध्यस्थ असतो. कर्जाचा करार तुम्ही आणि कर्जदार यांच्यात होतो, ते कर्ज प्लॅटफॉर्मच्या ताळेबंदात येत नाही, आणि पैसे विश्वस्तांच्या देखरेखीखालच्या एस्क्रो खात्यांतून जातात-येतात. प्लॅटफॉर्मला कर्जाची हमी देता येत नाही. कर्ज विनातारणच असावे लागते, म्हणजे मागे जमीन, सोने, दुकान असे काहीही उभे नसते. एका धनकोला एकाच कर्जदारास सगळ्या प्लॅटफॉर्मवर मिळून ५० हजारांपेक्षा जास्त देता येत नाही आणि कर्जाची मुदत ३६ महिन्यांपलीकडे जात नाही. पैसे देण्यापूर्वी तुम्हाला एक घोषणापत्रही मान्य करावे लागते, ज्यात परताव्याची हमी नाही आणि कर्जदाराने बुडवल्यास संपूर्ण मुद्दल जाऊ शकते हे तुम्हाला समजले आहे असे लिहिलेले असते. ॲपवर ते एका खुणेच्या चौकटीत असते आणि बहुतेक जण न वाचता पुढे जातात. माझ्या मते सबंध ॲपमधला तोच सर्वांत खरा मजकूर आहे.

नोंदणीविषयी तुमच्या मनात जो दिलासा आहे, त्याबद्दल एवढेच सांगते की नोंदणी म्हणजे त्या कंपनीला हा व्यवसाय करण्याची परवानगी. कर्जांच्या परतफेडीची कोणतीही शाश्वती रिझर्व्ह बँक देत नाही, हे वाक्य प्लॅटफॉर्मला स्वतःच्या संकेतस्थळावर लिहावे लागते. नोंदणी नसलेल्या ॲपकडे मुळीच जाऊ नये हे खरे आहे, पण नोंदणी आहे म्हणून कर्जदार भरेलच असा अर्थ काढू नये.

आता २४ टक्क्यांकडे येऊ. तुम्ही १ लाख रुपये ५० कर्जदारांना प्रत्येकी २ हजारांप्रमाणे, १२ महिन्यांच्या मुदतीने आणि वार्षिक २४ टक्क्यांनी दिले असे समजा. प्रत्येक कर्जाचा मासिक हप्ता साधारण १८९ रुपये येतो. पन्नासच्या पन्नास जणांनी शेवटपर्यंत भरले, तर वर्षअखेर व्याज म्हणून हातात येतात सुमारे १३,४७० रुपये. चोवीस हजार का नाहीत? कारण प्रत्येक हप्त्यात मुद्दलही थोडे थोडे परत येत असते आणि परत आलेल्या मुद्दलावर व्याज चालत नाही. वर्षभर सरासरीने तुमचे फक्त ५६ हजारांच्या आसपास पैसे कर्जात गुंतलेले असतात. यात फसवणूक नाही, पण ‘१ लाख टाकले की २४ हजार मिळतात’ असे जे तोंडी सांगितले जाते, ते चुकीचे आहे.

आता ५० पैकी ५ कर्जदारांनी प्रत्येकी तीन हप्ते भरून थांबायचे ठरवले असे धरा. दहात एक हे प्रमाण मी मुद्दाम भीती घालण्यासाठी घेतलेले नाही. विनातारण, लहान रकमेच्या आणि चोवीस टक्के द्यायला तयार झालेल्या कर्जदारांत ते शक्य कोटीतले आहे. ज्याला बँक तेरा टक्क्यांनी देते, तो चोवीस टक्के कशाला मोजेल, हा प्रश्न आकडा पाहताच स्वतःला विचारावा. तीन हप्त्यांनंतर प्रत्येकाकडे सुमारे १,५४४ रुपये मुद्दल उरते, म्हणजे पाच जणांकडे मिळून ७,७१८ रुपये. उरलेल्या पंचेचाळीस जणांचे वर्षाचे व्याज आणि या पाच जणांचे तीन महिन्यांचे व्याज मिळून सुमारे १२,६७९ रुपये येते. त्यातून बुडालेले मुद्दल वजा केले की उरतात ४,९६१ रुपये. प्लॅटफॉर्मचे शुल्क १ हजार रुपये धरले तर ३,९६१. परत येत गेलेले पैसे तुम्ही दुसरीकडे वापरू शकता हे लक्षात घेऊन, सरासरी गुंतलेल्या रकमेवर हा परतावा सात टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे दहात एक कर्ज बुडाले की तुम्ही बँकेच्या मुदत ठेवीच्या पातळीवर येता, फक्त इथे विमा नाही आणि रात्रीची झोपही तेवढी शांत नाही. ५० पैकी ७ बुडाले तर करापूर्वी जेमतेम साडेपाचशे रुपये उरतात आणि आठवा बुडाला की मुद्दलच कमी होऊ लागते.

करामुळे यात आणखी एक गाठ पडते आणि ती मी बऱ्याच जणांना समजावून सांगितली आहे. व्याज हे ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून धरले जाते, आणि ज्याचा सावकारीचा व्यवसाय नाही अशा सामान्य माणसाला बुडालेले मुद्दल त्या व्याजातून सर्वसाधारणपणे वजा करता येत नाही. बँकेला बुडीत कर्ज आपल्या नफ्यातून वजा करता येते. तुमच्या हातात ४,९६१ आले तरी कर १२,६७९ वर मोजला जातो. ३० टक्के अधिक उपकर भरणाऱ्या माणसाचा कर सुमारे ३,९५६ रुपये होतो, म्हणजे वरच्या ३,९६१ पैकी त्याच्याकडे पाच रुपये राहतात. तुमचे उत्पन्न मुख्यतः आंब्याचे असेल तर ते शेतीचे म्हणून करमुक्त आहे, पण हे व्याज शेतीचे उत्पन्न नाही. तुमची इतर करपात्र मिळकत कमी असेल तर कदाचित काहीच कर लागणार नाही. हे पूर्णपणे परिस्थितीवर अवलंबून आहे, तेव्हा आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला आधी विचारा.

पन्नास ठिकाणी पैसे वाटले म्हणजे धोका वाटला गेला, असे प्लॅटफॉर्म सांगतात. हे निम्मे खरे आहे. एखाद्याची नोकरी गेली, एखाद्याच्या घरी आजारपण आले, एखाद्याची दानतच वाईट निघाली, असे सुटे सुटे धोके वाटल्याने नक्की हलके होतात. पण सगळ्यांवर एकदम येणारा धोका वाटून कमी होत नाही. माझी स्वतःची ६४ कर्जे चालू होती आणि कर्जदार वेगवेगळ्या राज्यांतले होते. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी आली आणि एप्रिल या एकाच महिन्यात त्यांतल्या २१ जणांचे हप्ते चुकले. पुढे बरेच जण सावरले, नऊ जण कधीच सावरले नाहीत. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या पुरात आणि त्या महिन्यात फरक एवढाच होता की पुराच्या वेळी ठेवीदार आणि पाणी यांच्यामध्ये बँक उभी होती. टाळेबंदीच्या वेळी माझ्या आणि थकबाकीच्या मध्ये कोणीही नव्हते. चोवीस वर्षे मी ज्या भिंतीच्या आतल्या बाजूला काम केले होते, तिचे मोल मला त्या वर्षी कळले.

वसुलीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. कर्जदाराने हप्ता चुकवला की प्लॅटफॉर्म आठवण करून देतो, वसुली प्रतिनिधी पाठवतो, पतमाहिती कंपन्यांना थकबाकी कळवतो, करारात लवादाचे कलम असेल तर नोटीसही काढतो. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तर धनादेश न वटल्यासारखीच फौजदारी तक्रारही कायद्याने करता येते. कागदावर तुमच्याकडे अधिकार पुष्कळ आहेत. पण तुमचे त्याच्याकडे १,५४४ रुपये आहेत, तो लुधियानात किंवा कोइमतूरमध्ये राहतो आणि तुम्ही देवगडात. लवादाचा निवाडा तुमच्या बाजूने लागला तरी त्याची अंमलबजावणी न्यायालयातूनच करून घ्यावी लागते. आम्ही बँकेत वसुलीला निघायचो तेव्हा हातात तारण असायचे, दोन जामीनदार असायचे, आणि जामीनदाराच्या अंगणात जाऊन बसल्यावर अर्धी वसुली व्हायची, कारण त्याला त्याच वाडीत राहायचे असायचे. तो सामाजिक दाब इथे नाही, तारणही नाही. म्हणून थकलेल्या कर्जातून पुढे काही येईल असे गृहीत धरून हिशेब करू नये. आले तर वरकड समजावे.

प्लॅटफॉर्मचे उत्पन्न कुठून येते हेही पाहा. ऑगस्ट २०२४ च्या सुधारित नियमांनुसार शुल्क एक ठरावीक रक्कम किंवा मुद्दलाचे ठरावीक प्रमाण असे असावे लागते आणि ते कर्जदाराच्या परतफेडीवर अवलंबून ठेवता येत नाही. यामागे शुल्काच्या रचनेत लपलेला नफा उघड व्हावा हा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पण धनकोच्या बाजूने त्याचा अर्थ असा की कर्ज बुडाले तरी प्लॅटफॉर्मचे शुल्क बुडत नाही. त्याचे उत्पन्न कर्ज वाटण्यावर वाढते. चांगला प्लॅटफॉर्म नाव टिकवण्यासाठी कर्जदार नीट निवडतोही, पण निवड चुकली तर तोटा त्याच्या खातेवहीत लिहिला जात नाही.

म्हणूनच त्यांनी दाखवलेल्या थकबाकीच्या टक्केवारीकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवे. प्लॅटफॉर्मला दर महिन्याला अनुत्पादित कर्जांचे प्रमाण जाहीर करावे लागते. एखाद्या प्लॅटफॉर्मने गेल्या वर्षी १ हजार कर्जे दिली आणि त्यांतली १०० बुडाली असे धरा, म्हणजे दहा टक्के. गेल्या दोन महिन्यांत त्याने आणखी ४ हजार नवी कर्जे दिली. कर्ज अनुत्पादित ठरायला हप्ता ९० दिवस थकावा लागतो, त्यामुळे या नव्या कर्जांतले एकही अजून त्या यादीत येऊच शकत नाही. एकूण ५ हजारांत १०० बुडाली, म्हणून आकडा दोन टक्के दिसतो. नव्या कर्जांची चाल जुन्यांसारखीच असली, तरी जोवर वाटप वाढते आहे तोवर हा आकडा लहानच राहणार. तुमच्या स्वतःच्या खात्यातही हेच घडते. पहिले तीन-चार महिने ॲपवर पूर्ण २४ टक्के झळकतात, कारण बुडणाऱ्यांनी अजून बुडवायला सुरुवात केलेली नसते. त्या झळाळीला भुलून माणूस दुसरी रक्कम घालतो. माझ्याकडून २०१९ मध्ये हेच झाले होते. विचारायचे ते असे: अमुक महिन्यात दिलेल्या कर्जांपैकी, वर्षभरानंतर, किती थकली आणि किती मुद्दल परत आले? एकाच महिन्याची कर्जे घेऊन शेवटपर्यंत मोजलेला हा आकडा जो प्लॅटफॉर्म देत नाही, तिथे मी पैसे घालत नाही.

आता तुमच्या पुतण्याविषयी. काही प्लॅटफॉर्म पूर्वी ही कर्जे ठेवीसारखी विकत असत, ‘केव्हाही काढा’ असे सांगून. खरे तर १२ महिन्यांसाठी दिलेले कर्ज केव्हाही काढता येत नाही, कारण पैसे कर्जदाराकडे असतात. मग ते परत कसे मिळायचे? पुतण्याने मागितले की एखाद्या नव्या धनकोचे पैसे त्याच्या जागी बसवले जायचे आणि पुतण्याला मोकळे केले जायचे. नवे धनको येत होते तोवर सगळे सुरळीत दिसत होते. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने अशी अदलाबदल, मागणीप्रमाणे पैसे काढण्याची सोय आणि ठरावीक परताव्याची जाहिरात या सगळ्यांना मनाई केली, आणि मुद्दल किंवा व्याजाचा तोटा धनकोनेच सोसायचा हेही स्पष्ट केले. त्या दिवशी धोका वाढला नाही. तो आधीपासून पुतण्याचाच होता, फक्त त्यावरचे पांघरूण निघाले. आता त्याला जे मिळते आहे ते खऱ्या कर्जाचे खरे हप्ते आहेत.

हंगामी उत्पन्न असणाऱ्या तुमच्यासारख्या बागायतदाराला यातले मुदतीचे गणित फार महत्त्वाचे आहे. जूनमध्ये १ लाख घातले, तर डिसेंबरपर्यंत, मोहोरावर फवारणीचा खर्च सुरू होतो तेव्हा, वरच्या उदाहरणात पन्नासही जणांनी वेळेवर भरले तरी मुद्दलापैकी सुमारे ४७ हजारच परत आलेले असतात. पाच जण थांबले असतील तर ४४,६०० च्या आसपास. त्यामुळे खत, फवारणी, राखण, पेटी-पेंढा यांचा पैसा इथे कधीही घालू नका, तो मुदत ठेवीतच राहू द्या. ज्या रकमेवाचून पुढचे दोन हंगाम काहीही अडणार नाही अशी काही रक्कम उरत असेल, तर तिच्यातले १५-२० हजार बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कर्जांत, प्रत्येकी ५०० ते १ हजारांच्या तुकड्यांनी घालून पाहा आणि आलेले हप्ते परत न गुंतवता ती सगळी कर्जे संपेपर्यंत थांबा. दर महिन्याला वहीत दोनच आकडे लिहा: बँक खात्यात प्रत्यक्ष किती रुपये परत आले आणि किती जणांचे हप्ते थकले. ॲपवरच्या टक्केवारीकडे तोवर पाहूही नका. ज्या दिवशी शेवटचे कर्ज संपेल किंवा बुडेल, त्या दिवशी वहीतली बेरीज घातलेल्या रकमेच्या किती वर किंवा खाली आहे, तो तुमचा खरा दर.

पुतण्याला मात्र आजच एक काम सांगा. ॲपमधून कर्जनिहाय उतारा आणि प्रत्येक कर्जाचा करार उतरवून घ्यावा, आणि कोणाचा हप्ता कोणत्या तारखेपासून थकला आहे ते लिहून काढावे. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि ती थकबाकीच्या तारखेपासून चालू होते. ज्यांच्याकडे रक्कम मोठी आहे त्यांच्याबाबत लवादाची कारवाई सुरू केली आहे का, हे प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारावे. उतारा पाहिल्यावर त्याला जे आकडे मिळतील ते इथे लिहा, कर्जदारांची नावे न लिहिता. कोणत्या कर्जामागे लागण्यात अर्थ आहे ते आपण एकेक करून पाहू.